तिसऱ्या प्रकरणाचा लेखक

आमच्या पाणीपुरवठा कार्यालयात नकाशांच्या खोलीत एक ट्रेसर होते. ट्रेसर म्हणजे अनुरेखक. इंजिनियरने काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि तो रेघ न रेघ उतरवून घ्यायचा, हे त्यांचं काम. बावीस वर्षं त्यांनी तेच केलं. पुढे संगणक आले, कागद गेले, पण पद कागदोपत्री राहिलं आणि त्या पदावर काका राहिले. सगळं ऑफिस त्यांना काकाच म्हणायचं, अगदी त्यांच्याहून मोठे शिपाईसुद्धा. मी शेजारच्या अभिलेख विभागात. आमच्या दोन खोल्यांमध्ये दार नव्हतं, नुसती चौकट होती. त्यामुळे मी सांगतोय त्यातलं बरंचसं मी स्वतः पाहिलेलं आहे, आणि उरलेलं त्यांनी जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता सांगितलेलं.

काकांना कनिष्ठ अभियंता व्हायचं होतं. त्यासाठी स्थापत्याची पदविका हवी आणि वय पंचेचाळीसच्या आत हवं. त्यांनी एकेचाळिसाव्या वर्षी संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. ऑफिसात बरीच थट्टा झाली. "काका, दप्तर घेतलंत का?" असं रोज कोणी ना कोणी विचारायचं. काका हसून कामाला लागायचे. गणितात एकदा आपटले, पुन्हा बसले, पास झाले. शेवटच्या वर्षी फक्त प्रकल्प उरला होता आणि काकांना चव्वेचाळीस पूर्ण झाली होती.

प्रकल्प चौघांनी मिळून करायचा होता. काकांच्या गटात एक बांधकामावरचा सुपरवायझर होता. पहिल्याच दिवशी त्याने "गटप्रमुख मी" असं स्वतःच जाहीर केलं, म्हणून त्याचं नाव पडलं कप्तान. दुसरा पंपघरात ऑपरेटर, त्याला सगळे पंपवाला म्हणायचे. आणि एक पंचविशीची मुलगी, घरोघरी जाऊन मीटर वाचणारी, ती मीटरवाली.

विषय ठरला एका वस्तीतली पाण्याची गळती. पंपातून किती पाणी सुटतं ते पंपवाला मोजणार, घरांत किती पोचतं ते मीटरवाली मोजणार, आणि मधलं पाणी कुठे मुरतं ते कप्तान लिहिणार. काकांच्या वाट्याला काय?

"काका, तुम्ही एकत्र करा ना सगळं," कप्तान म्हणाला. "तुमच्याइतकं नीट कोणाचंच नाही."

काकांना हे कौतुक वाटलं. मला त्यांनी दुसऱ्या दिवशी तसंच सांगितलं, कौतुकानेच.

तीन महिन्यांनी तीन फायली आल्या. त्या दिवशी काका चौकटीतून माझ्याकडे आले आणि म्हणाले, "जरा बघता का? मला वाटतं मी तीन वेगवेगळ्या गावांबद्दल वाचतोय."

खरंच तसं होतं. कप्तानने त्याच वस्तीला कुठे 'विभाग अ' म्हटलं होतं, कुठे 'अभ्यासक्षेत्र', कुठे नुसतं 'साइट'. जे पाणी पोचत नाही त्याला पंपवाला 'लीकेज' म्हणत होता, मीटरवाली 'तूट' आणि कप्तान 'अपव्यय'. पंपवाल्याने घनमीटरमध्ये लिहिलं होतं, मीटरवालीने लिटरमध्ये. एकाने "आम्ही मोजले" लिहिलं, दुसऱ्याने "मोजण्यात आले", तिसरीने "मी गेले तेव्हा कुत्रं मागे लागलं" हेसुद्धा लिहिलं होतं. आकृती क्रमांक एक तिन्ही फायलींत होती. संदर्भयादीत एकच पुस्तक तीनदा, तीन प्रकारे.

काकांनी घाई केली नाही. त्यांनी आधी तिन्ही मूळ फायली एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्या आणि त्यांना हात लावायचा नाही असं ठरवलं. काम करायचं ते प्रतीवर. मग एका पानावर नियम लिहिले: शब्द 'गळती', दुसरा नाही. माप घनमीटर, कंसात लिटर नको, हवं तर तक्त्यात. दशांश एकच. "आम्ही" नाही, "मोजण्यात आले" नाही, सरळ भूतकाळ, कर्ता स्पष्ट. शीर्षकांच्या तीन पायऱ्या, त्याही संगणकाला कळतील अशा बांधलेल्या, म्हणजे अनुक्रमणिका आपोआप तयार होईल. आकृत्यांना प्रकरणाप्रमाणे क्रमांक. हे पान त्यांनी तिघांना पाठवलं आणि "हरकत असल्यास कळवा" लिहिलं. कोणाचीही हरकत नव्हती, कारण कोणीही ते वाचलं नव्हतं.

मग ते रोज जेवणाच्या सुट्टीत आणि रविवारी घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर एकेक वाक्य सरळ करू लागले. बदल केला की वहीत नोंद: कुठलं प्रकरण, काय होतं, काय केलं, का केलं. मी म्हटलं, "एवढी नोंद कशाला?" ते म्हणाले, "उद्या कोणी म्हणालं, माझं वाक्य बदललं, तर दाखवता आलं पाहिजे. दुसऱ्याच्या नकाशावर आपली रेघ असली तर कळली पाहिजे ना."

असा महिना गेला आणि एका दुपारी ते अडले.

पंपातून दिवसाला दोनशे चाळीस घनमीटर पाणी सुटत होतं. अठ्ठेचाळीस घनमीटर ताशी, पाच तास, तिथे प्रश्न नव्हता. एका घराचा सरासरी वापर पाचशे वीस लिटर. घरं किती? मीटरवालीच्या प्रकरणात लिहिलं होतं, एकूण तीनशे सदतीस जोडण्या, पैकी पंचवीस बंद, तीनशे बारांची वाचनं घेतली. कप्तानने मात्र सरासरीला सरळ तीनशे सदतीसने गुणलं होतं आणि गळती सत्तावीस टक्के काढली होती. तीनशे बाराने गुणलं तर ती बत्तीसच्या वर जात होती.

"यातलं बरोबर काय?" मी विचारलं.

"तेच कळत नाही. 'बंद' म्हणजे घर बंद की मीटर बंद? घराला कुलूप असेल तर तिथे पाणी वापरलंच जात नाही. पण मीटर नुसता अडकला असेल, तर माणसं आत आहेत, पाणी वापरताहेत, फक्त काटा फिरत नाही. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे."

"मग विचारा तिला."

"तिने शिक्षण सोडलं," काका म्हणाले. "महिना झाला. फाइल पाठवली आणि दुसऱ्या दिवशी नाव काढून घेतलं."

कप्तानला फोन केला तर तो म्हणाला, "काका, सत्तावीसच ठेवा. कोण बघतंय?" काकांनी फोन ठेवला.

शेवटी एका रविवारी ते तिला शोधत गेले. ती एका औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी होती. वडिलांना पक्षाघात झाला होता. घरोघर फिरायचं काम सोडून तिने घराजवळचं एका जागेचं काम धरलं होतं, म्हणजे दर दोन तासांनी घरी जाऊन त्यांना कुशीवर वळवता येईल. काकांना बघून ती आधी घाबरली. तिला वाटलं, काहीतरी चुकलंय म्हणून रागवायला आले.

"चुकलं काही नाही ग," काका म्हणाले. "हे पंचवीस बंद म्हणजे काय बंद, एवढंच सांग."

तिने एका गिऱ्हाइकाला गोळ्या दिल्या, हात पुसले आणि आतून पिशवीतली वही काढून आणली. वहीच्या कडा पावसापाण्याने फुगल्या होत्या. तिने बोट ठेवून दाखवलं. "बघा, चौकोन केलाय ना, ते कुलूपबंद घर. सोळा आहेत. आणि गोल केलाय ते मीटर अडकलेले. नऊ. टाइप करताना मी दोन्हीला बंदच लिहिलं. बाबा हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा. सॉरी काका."

"सॉरी कशाला? तुझी वही एवढी चोख आहे."

त्यांनी वहीच्या पानांचे फोटो घेतले. निघताना ती हळूच म्हणाली, "काका, माझं नाव येईल का त्यात? मी तीन महिने त्या गल्ल्यांतून हिंडले हो."

"येणार," काका म्हणाले.

आता हिशेब असा झाला: तीनशे बारा अधिक नऊ, म्हणजे तीनशे एकवीस घरं. त्या नऊ घरांचा वापरही इतरांइतकाच धरला, आणि तसं धरल्याचं काकांनी तळटिपेत स्पष्ट लिहिलं. गळती साडेतीस टक्क्यांच्या आसपास आली. काकांनी हा बदल लाल अक्षरात कप्तानला पाठवला. त्याच्या निष्कर्षाच्या प्रकरणात चार ठिकाणी सत्तावीस होतं, ते बदलायला त्याची संमती हवी होती. कप्तानचं उत्तर आलं: अंगठा. नुसतं अंगठ्याचं चित्र.

अहवाल पुरा झाला. मी तो शेवटी वाचला तेव्हा थक्क झालो. कुठे सांधा दिसत नव्हता. पहिल्या पानावर ज्या गल्लीचं नाव, तीच गल्ली शेवटच्या तक्त्यात त्याच नावाने. आकृती तीन-दोन म्हटलं की तीन-दोनच सापडायची.

राहिलं होतं एकच पान: कोणी काय केलं याचं. त्या वर्षीपासून ते सक्तीचं होतं. शंभरपैकी साठ गुण गटाला, चाळीस ज्याच्या त्याला, आणि दोन्हींत वेगवेगळं पास व्हायचं. चाळिसातले गुण त्या पानावरून आणि तोंडी परीक्षेवरून.

काकांनी तक्ता केला. उभ्या बाजूला कामं: आखणी, मोजणी, गणित, पहिला मसुदा, पुनर्लेखन, एकत्रीकरण, तपासणी. आडव्या बाजूला माणसं. तक्ता सगळ्यांना भरायला पाठवला. कप्तानने स्वतःच्या नावापुढे सगळीकडे बरोबरच्या खुणा केल्या.

"अरे, मोजणीला तू एकदा आलास," काका त्याला म्हणाले. आम्ही तेव्हा वर्गाच्या इमारतीच्या खालच्या चहाच्या टपरीशी उभे होतो. मी काकांबरोबर सहज गेलो होतो.

"आलो तर होतो ना?"

"मग आपण दोन खुणा करू. मुख्य काम आणि मदत. तू मोजणीला मदत."

कप्तान कुरकुरला, पण मानला. मग त्याचं लक्ष चौथ्या नावाकडे गेलं. "हिचं नाव कशाला? ती तर गेली."

"तिसरं प्रकरण तिचं आहे."

"काका, ऐका. तिसरं प्रकरण तुम्ही सगळं नव्याने लिहिलंय. एक वाक्य तिचं राहिलंय का? बंदचा घोळ तुम्ही निस्तरलात. तुमचं नाव लावा तिथे. तिला फरक पडत नाही, तुम्हाला पडतो. तुमच्या नावावर दुसरं आहे काय?"

पंपवालाही म्हणाला, "काका, तो बरोबर बोलतोय. वाईट वाटून घेऊ नका, पण एकत्रीकरणाला कोण विचारतंय?"

"वाचनं तिची आहेत," काका म्हणाले. "मी त्या वस्तीत पाऊल ठेवलेलं नाही."

ते मार्गदर्शक सरांकडे गेले. सरांच्या टेबलावर अशाच पन्नास अहवालांची चळत होती. सर म्हणाले, "जी विद्यार्थिनी पटावर नाही तिला योगदानाच्या पानावर गुण कसे देणार? आभारात टाका. 'सहकार्य केले' म्हणा."

"सर, तीन महिन्यांची मोजणी म्हणजे सहकार्य नव्हे."

"मग तिचं नाव ठेवा आणि पुढे 'अभ्यासक्रम सोडला' लिहा. पण ते प्रकरण मग कोणाच्याच गुणांत धरलं जाणार नाही. जबाबदारी तुमची." सरांचा आवाज चढला नव्हता. त्यांनी पुढची फाइल ओढली.

काकांनी पान तसंच पाठवलं. तिसरं प्रकरण: मोजणी, नोंदी, पहिला मसुदा, मीटरवालीचं पूर्ण नाव, अभ्यासक्रम सोडला. पुनर्लेखन: काका. संपूर्ण अहवालाचं एकत्रीकरण, संज्ञा व मापांची एकवाक्यता, आकड्यांची पडताळणी: काका. सोबत बदलांच्या वहीची पानं परिशिष्ट म्हणून जोडली. एकशे चौऱ्याहत्तर नोंदी.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते, वयस्कर, सभ्य गृहस्थ. काकांनी मला त्या दिवसाचं सगळं अक्षरशः सांगितलं, त्यामुळे मला ते पाठ आहे. परीक्षक अहवाल चाळून म्हणाले, "फार छान. एकाच माणसाने लिहिल्यासारखा वाटतो." गटाला साठपैकी बावन्न दिले. कप्तानला गळतीबद्दल विचारलं, त्याने साडेतीस टक्के सांगितले आणि ते कसे आले तेही सांगितलं, काकांनी पाठवलेल्या टिपणातून. पंपवाल्याने पंप सांगितला. मग काकांची पाळी.

"तुमचं प्रकरण कुठलं?"

"माझं वेगळं प्रकरण नाही, सर. एकत्रीकरण माझं."

"म्हणजे टायपिंग?"

"नाही सर. तीन जणांचे शब्द, मापं, आकडे जुळवले. परिशिष्टात नोंदी आहेत."

परीक्षकांनी परिशिष्ट उघडलं, दोन पानं उलटली, घड्याळ पाहिलं. बाहेर अजून सहा गट उभे होते. "हे चांगलं आहे. पण माझ्याकडच्या फॉर्मवर रकाने आहेत ते असे: मोजणी, विश्लेषण, सादरीकरण. यात तुम्हाला कुठे धरू? तिसरं प्रकरण तुम्हीच लिहिलंय ना? भाषा सारखीच दिसते."

काका म्हणाले, की त्या क्षणी त्यांनी कप्तानकडे पाहिलं. कप्तान बुटांकडे बघत होता.

"वाक्यं माझी, सर. काम तिचं."

"हं," परीक्षक म्हणाले. त्यांनी सादरीकरणाच्या रकान्यात काहीतरी लिहिलं. बाकीचे दोन रकाने कोरे राहिले.

चाळीसपैकी तेरा. पास व्हायला सोळा लागत होते.

काकांनी फेरतपासणीचा अर्ज केला. अर्जही तसाच, मुद्देसूद, परिशिष्टासह. सहा आठवड्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं, की अहवालाचे एकत्रीकरण हे वैयक्तिक योगदान म्हणून नियमांत नमूद नाही, सबब गुणांत बदल नाही. प्रकल्प पुढच्या वर्षी नव्या गटात पुन्हा करता येईल. पुढच्या वर्षी काका सेहेचाळिसाकडे झुकणार होते. मी आस्थापना विभागात जाऊन विचारून आलो, वयाला सवलत मिळते का. तिथल्या लिपिकाने माझ्याकडे असं बघितलं की मी वाक्य अर्धंच ठेवलं.

काकू एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसायच्या. निकालानंतर मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्या भाजी निवडत होत्या. त्या काकांकडे न बघता मला म्हणाल्या, "तीन गुण हो. तीन गुणांसाठी यांनी एक ओळ बदलली असती तर कोणाचं काय गेलं असतं?"

"तिचं गेलं असतं," काका म्हणाले.

"तिचं काय राहिलंय जायला?" काकूंचा आवाज फाटला. "तीन वर्षं मी एकटीने घर ओढलं. संध्याकाळी दोघांचं जेवण झाकून ठेवलं. त्याची नोंद कुठल्या रकान्यात आहे, सांगा."

मी चहा अर्धा टाकून निघालो.

अहवालाची एक छापील प्रत काकांनी मीटरवालीसाठी काढून ठेवली होती. ती द्यायला ते गेले, मीही गेलो. दुकानात गर्दी होती. तिने योगदानाचं पान उघडलं, स्वतःचं नाव वाचलं, त्यावर बोट फिरवलं. मग विचारलं, "काका, याचा पुढे कुठे उपयोग होईल का? म्हणजे प्रवेशाला वगैरे?"

"नाही," काका म्हणाले. "तसं काही नाही."

"बरं," ती म्हणाली. "तुम्ही झालात ना पास?"

काकांनी मान हलवली. ती हो अशी होती की नाही अशी, ते मला बाजूला उभं राहूनही कळलं नाही. तिला ती हो वाटली असावी, कारण ती हसली. तेवढ्यात कोणीतरी खोकल्याचं औषध मागितलं आणि तिने प्रत काउंटरखाली, रिकाम्या खोक्यांवर ठेवली.

परतताना बसस्टॉपवर मी म्हटलं, "खरं का नाही सांगितलंत?"

"काय करायचंय तिला ते घेऊन? बाप आहे तिच्याकडे उचलायला."

कप्तान पास झाला. त्याच्या कंपनीत त्याला बढती मिळाली, पेढ्यांऐवजी त्याने आमच्या ऑफिसात केक पाठवला. पाठवायला नको होता असं मला वाटलं, पण काकांनी एक तुकडा घेतला. पंपवाला अधूनमधून फोन करतो. प्रत्येक वेळी "मी परीक्षकांसमोर बोलायला हवं होतं" म्हणतो आणि काका "जाऊ दे रे" म्हणतात. हे आता इतक्यांदा झालंय की दोघांनाही त्यात राम वाटत नसावा.

त्या वस्तीतली गळती अजून तशीच आहे. काकांनी अहवालाची एक प्रत आमच्याच कार्यालयात, दुरुस्ती विभागात दिली होती. ती आवक नोंदवहीत चढली, क्रमांक पडला, आणि फिरत फिरत माझ्याकडे, अभिलेखात आली. जपून ठेवण्याची मुदत पाच वर्षं असा शेरा होता. मी ती कपाटात लावली. दुसरं काय करणार?

यंदा नकाशांची खोली बंद झाली. जुने नकाशे स्कॅन करायला बाहेरची माणसं आली आहेत आणि काकांना माझ्या खोलीत हलवलंय. खिडकीपाशी त्यांचं टेबल आहे. ते आलेल्या पत्रांना क्रमांक घालतात. परवा शेवटच्या वर्षाची चार मुलं त्यांना शोधत आली, कोणीतरी त्यांचं नाव सुचवलं होतं. चौघांच्या चार फायली एकत्र करून द्याल का, असं विचारत होती.

काकांनी त्यांना बसायला सांगितलं. मूळ फायली वेगळ्या ठेवा, म्हणाले, आणि नियमांचं पान आधी चौघांनी मिळून लिहा. मग म्हणाले, "पण एकत्र करणाऱ्याच्या नावावर एक प्रकरण आधी टाका. अगदी छोटं असलं तरी चालेल."

"का?" एका मुलीने विचारलं.

"तसं लागतं," काका म्हणाले आणि पुढच्या पत्रावर क्रमांक घातला.